छापखाना विकला, त्याचं व्याज झालं

विकायला काढला त्या वर्षी आमच्या कराडच्या छापखान्याचा ताळेबंदातला नफा होता ९ लाख ६० हजार. उलाढाल ६२ लाखांची. हे आकडे मी कुणालाही छाती काढून सांगत असे. वडिलांनी ट्रेडलवर सुरू केलेला धंदा, मी ऑफसेटवर नेला. पतसंस्थांची पासबुकं आणि पिग्मीच्या पावत्या, शाळांची प्रगतिपुस्तकं, दुकानदारांची बिलबुकं, सीझनला लग्नपत्रिका. मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि तो येणार नाही, हे आम्हा दोघांनाही केव्हाच कळून चुकलं होतं. मी बासष्टचा, ही साठीची. तेव्हा विकायचं यावर वाद नव्हता. वाद होता तो काय विकायचं आणि केवढ्याला, यावर.

पहिला घेणारा आला त्याने नफ्याचा आकडा ऐकला आणि विचारलं, "काका, यात तुमचा आणि काकूंचा पगार कुठं धरलाय?"

धरलेलाच नव्हता. सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत मी काउंटरवर आणि मशीनवर, ही प्रूफं तपासायला आणि हिशेबाला. मालक पगार घेत नाही, उरेल ते घेतो. पण नवा माणूस स्वतः तिथे बसणार नसेल, तर माझ्या जागी महिना ३० हजारांचा मॅनेजर ठेवावा लागेल आणि हिच्या जागी १५ हजारांची मुलगी. वर्षाचे झाले ५ लाख ४० हजार. नफ्यातून ते वजा केले की उरले ४ लाख २० हजार. मग त्याने गाळ्याचं विचारलं. गाळा आमच्या मालकीचा, त्यामुळे भाडं नावाचा खर्चच हिशेबात नव्हता. त्या गल्लीत तेवढ्या जागेला महिना २२ हजार भाडं सहज मिळालं असतं, म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार. तेही वजा केलं की हातात राहिले १ लाख ५६ हजार.

म्हणजे आम्ही ज्याला नफा म्हणत होतो, त्यातला बराचसा भाग आमच्या दोघांची मजुरी होती, मोठा तुकडा गाळ्याचं भाडं होतं, आणि छापखाना म्हणून धंद्याने कमावलेला पैसा दीड लाखाच्या आसपास. घरचा धंदा विकायला निघालेल्या प्रत्येकाने ही वजाबाकी घेणारा यायच्या आधी स्वतः कागदावर करून बघावी. कारण दीड लाखाच्या नफ्याला कुणी चाळीस लाख देत नाही. आमच्या ओळखीतले लोक "वर्षाच्या नफ्याच्या चौपट तर मिळायलाच पाहिजे" असं सांगत होते. चौपट हे ठीक, पण कशाची चौपट?

पहिल्याशी व्यवहार झाला नाही. दुसरा घेणारा तिशी-पस्तिशीचा, जवळच्याच गावात त्याचं डीटीपी आणि बाइंडिंगचं काम होतं, स्वतःची शेड होती. त्याला मशीन हवं होतं, आणि त्याहून जास्त आमची गिऱ्हाइकं हवी होती. तो स्वतः राबणार होता, म्हणून त्याच्या हिशेबात मॅनेजरचा पगार नव्हता. त्याने गाळा मागितला नाही आणि त्याला तो परवडणाराही नव्हता. त्यामुळे आमच्यापुढे दोन वेगळे व्यवहार उभे राहिले: छापखाना एकाला, गाळा दुसऱ्या कुणाला.

गाळा ठेवून भाड्याने द्यावा, हा माझा पहिला विचार. भाडं म्हणजे घरबसल्या पैसे, असं आपल्याकडे सगळेच म्हणतात. हिने वहीत दोन ओळी लिहून दाखवल्या. गाळ्याला ९६ लाखांपर्यंत किंमत येत होती. भाडं वर्षाला २ लाख ६४ हजार, म्हणजे पावणेतीन टक्के. त्यातून नगरपालिकेचा कर, दुरुस्ती आणि दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा काळ वजा केला की सव्वादोन-अडीच. भाडं वाढतं हे खरं, जागेची किंमतही वाढते. पण आम्हाला दोघांना पुढची वीस-पंचवीस वर्षं त्यावर काढायची होती, आणि एका गाळ्याला एकच भाडेकरू असतो. तो सहा महिने थकला तर आमची चूलही तितकीच थकणार. गाळा विकायचं ठरलं.

छापखान्याची किंमत अशी बसली. ऑफसेट मशीन, कटिंग मशीन, नंबरिंग आणि बाकी सामान मिळून १४ लाख. कागदाचा आणि शाईचा साठा खरेदीच्या भावाने ३ लाख २० हजार. नाव, फोन नंबर, जुन्या कामांच्या फाइली आणि गिऱ्हाइकांची ओळख, म्हणजे ज्याला गुडविल म्हणतात, त्याचे ४ लाख. त्याशिवाय तीन महिन्यांच्या आतली येणी ४ लाख १० हजार त्याने घेतली आणि कागदवाल्यांची देणी २ लाख ६० हजार त्याच्याच अंगावर गेली. सगळं मिळून २२ लाख ७० हजार. तीन महिन्यांपेक्षा जुनी उधारी त्याने घेतली नाही. मीही त्याच्या जागी असतो तर घेतली नसती. त्यातली काही मी पुढे वसूल केली. काही जणांची लग्नं मोडली, मुलं शाळेत गेली, पण पत्रिकांचे पैसे आले नाहीत.

आता विकायचं कसं, यावर सीएकडे बराच वेळ गेला. दोन रस्ते होते. एक, प्रत्येक वस्तूची वेगळी किंमत लावून विकणे. दुसरा, चालता धंदा जसाच्या तसा एकरकमी विकणे, ज्याला आयकरात स्लंप सेल म्हणतात. माझ्या कानावर सगळीकडून एकच येत होतं की एकरकमी विक्रीत कर कमी बसतो. सीएने दोन्ही हिशेब एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडले, आणि ते चित्र तितकं साधं निघालं नाही.

वस्तूंची वेगळी विक्री केली तर मशीनचा नफा अल्पमुदतीचा धरतात, मशीन बारा वर्षांचं जुनं असलं तरी. कारण त्यावर आपण दर वर्षी घसारा घेतलेला असतो. आमच्या पुस्तकात सगळ्या मशीनरीची शिल्लक किंमत ५ लाख १० हजार उरली होती. विक्री १४ लाखांची. मधले ८ लाख ९० हजार सरळ त्या वर्षीच्या उत्पन्नात जाऊन बसतात आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. म्हणजे इतकी वर्षं घसाऱ्याने वाचवलेला कर सरकार एका वर्षात परत मागतं. गुडविलचे ४ लाख मात्र दीर्घ मुदतीचे, त्यावर साडेबारा टक्के. आमचं त्या अर्ध्या वर्षाचं इतर उत्पन्न साडेचार लाखांच्या आसपास होतं. २०२४-२५ च्या नव्या कररचनेतले स्लॅब लावले तर या रस्त्याने वाढीव कर निघाला सेससह १ लाख ५६ हजार.

एकरकमी विक्रीत धंद्याची निव्वळ पुस्तकी किंमत वजा होते. मशीन, साठा आणि येणी यांची बेरीज, त्यातून देणी वजा: ९ लाख ८० हजार. विक्री २२ लाख ७० हजार. नफा १२ लाख ९० हजार. धंदा छत्तीस महिन्यांहून जुना म्हणून सगळाच नफा दीर्घ मुदतीचा, साडेबारा टक्क्यांनी, सेससह १ लाख ६८ हजार. म्हणजे ऐकीव माहितीच्या उलट, आमच्यासारख्या मधल्या उत्पन्नाच्या माणसाला एकरकमी विक्री अकरा-बारा हजारांनी महागच पडत होती. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलेल्याला ती खूप स्वस्त पडेल. त्यामुळे शेजाऱ्याने काय केलं, यावर इथे जाऊ नये.

तरीही आम्ही एकरकमीच विकला. कारण जीएसटी. वस्तू वेगळ्या विकल्या तर मशीनवर १८ टक्के, गुडविलवर १८ टक्के, कागदावर त्याच्या दराने, असं मिळून साडेतीन लाखांच्या पुढे रक्कम घेणाऱ्याने आधी मोजायची. पुढे ती त्याला क्रेडिट म्हणून मिळाली असती, पण छापखाना घेतानाच बँकेच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला "पुढे मिळेल" याचा उपयोग नसतो. चालता धंदा संपूर्ण हस्तांतरित केला तर त्यावर जीएसटी माफ आहे. अट इतकीच की तो खरोखर चालता असला पाहिजे. नुसती मशीनं उचलून नेली आणि करारावर 'चालता धंदा' लिहिलं, तर ते टिकत नाही. म्हणून करारात हातातली कामं, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, येणी-देणी आणि कामगार, सगळं त्याच्याकडे गेल्याचं लिहिलं, आणि वस्तूंच्या वेगळ्या किमती कुठेही लिहिल्या नाहीत. गाळा वगळला होता, पण गाळ्यावाचून छापखाना चालू शकत होता. त्याच्या शेडमध्ये तो चाललाच. एकरकमी विक्रीसाठी सीएचा एक वेगळा दाखला लागतो. आमच्याकडचं उरलेलं जीएसटी क्रेडिट त्याच्या नावावर फिरवायचाही एक फॉर्म असतो. आणि नोंदणी रद्द केल्यावर तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र भरावं लागतं. नंबर बंद झाला म्हणजे सगळं संपलं असं समजून बरेच जण ते भरत नाहीत आणि पुढे दंडाची नोटीस येते.

कामगारांचं सांगतो. दहापेक्षा कमी माणसं असल्याने ग्रॅच्युइटीचा कायदा आमच्यावर लागू नव्हता. पण मशीनमन बावीस वर्षं होता आणि बाइंडर चौदा. कायद्यातलंच सूत्र धरलं: शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. मशीनमनचे १८ हजारांवर सुमारे २ लाख २८ हजार झाले, बाइंडरचे १२ हजारांवर ९७ हजार. घेणाऱ्याने दोघांनाही ठेवून घेतलं, पण आजवरची वर्षं माझी आणि इथून पुढची त्याची, असं करारात स्वच्छ लिहिलं. हे लिहिलं नसतं तर दहा वर्षांनी तो माझ्याकडे बोट दाखवणार आणि मी त्याच्याकडे. सव्वातीन लाख गेले. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, कायद्यानं द्यायचे नव्हते ना?" मी म्हटलं, कायद्यानं नव्हते.

गुडविलच्या चार लाखांवर घेणारा अडून बसला होता, आणि त्याचं म्हणणं बरोबरच होतं. मोठी गिऱ्हाइकं दोन-तीनच, आणि ती माझ्या ओळखीची. उद्या त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं तर त्याने चार लाख कशाचे दिले? तोड अशी निघाली की १८ लाख ७० हजार हस्तांतराच्या दिवशी, आणि ४ लाख दहा मासिक चेकने. त्या काळात मी रोज दोन-तीन तास त्याच्याकडे बसायचं, गिऱ्हाइकांशी ओळख करून द्यायची, कुठल्या पतसंस्थेला कागद कुठल्या ग्रॅमचा लागतो आणि कोणता मुख्याध्यापक प्रूफ तीनदा बदलतो, हे सांगायचं. आणि मी कराड तालुक्यात पाच वर्षं छपाईचा धंदा करायचा नाही. एरवी कुणाला धंदा करू नको म्हणणारा करार कायद्यात टिकत नाही, पण गुडविल विकलेल्या माणसावर ठरावीक भागापुरतं असं बंधन घालता येतं. वकिलाने तालुका आणि मुदत दोन्ही लिहायला लावलं. नुसतं "धंदा करणार नाही" असं लिहिलं असतं तर ते फार व्यापक ठरलं असतं. चौथ्या महिन्यात एका पतसंस्थेने आपलं काम संचालकाच्या भाच्याला दिलं. घेणाऱ्याने चेक थांबवला नाही, फक्त उरलेल्या रकमेतून पंचवीस हजार कमी करा म्हणाला. मी केले. ते वरच्या २२ लाख ७० हजारांत धरलेले नाहीत, पण पुढचं गणित त्याने फारसं हलत नाही.

छापखाना सप्टेंबर २०२४ अखेर गेला. गाळ्याला गिऱ्हाईक जानेवारीतच मिळालं होतं, एका तपासणी लॅबवाल्यांचं. त्यांना घाई होती. आम्ही मात्र खरेदीखत एप्रिल २०२५ मध्ये केलं, आणि ते ठरवून. तोवर नुसतं साठेखत, ताबा दिला नाही. कारण आयकरात ५० लाखांच्या वर एकूण उत्पन्न गेलं की करावर दहा टक्के अधिभार लागतो, आणि एक कोटीच्या वर पंधरा. छापखान्याचा नफा आणि गाळ्याचा नफा एकाच आर्थिक वर्षात आले असते तर पुढे सांगतो ते करबचतीचे बाँड घेऊनही आम्ही पन्नास लाखांच्या पलीकडे गेलो असतो. दोन वेगळ्या वर्षांत विभागले गेल्यावर दोन्ही वर्षं त्या रेषेच्या खाली राहिली. लॅबवाल्यांना तोवर त्यांचं फर्निचर करून घ्यायचं होतं, ताबा मिळाला नाही म्हणून ते थोडे कुरकुरले.

गाळा वडिलांनी १९७९ साली घेतलेला, मृत्युपत्राने माझ्याकडे आला, बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलं होतं. २००१ च्या आधीची मालमत्ता असली की १ एप्रिल २००१ ची किंमत खरेदी म्हणून धरता येते. मूल्यांकनकाराने ती साडेसात लाख काढली. ती त्या तारखेच्या सरकारी रेडी रेकनर किमतीपेक्षा जास्त धरता येत नाही, म्हणून जुन्या रेकनरची प्रत त्याने अहवालाला जोडली. वडिलांनी गाळा धंद्याच्या ताळेबंदात कधीच दाखवला नव्हता आणि त्यावर घसाराही घेतला नव्हता. मीही तसंच चालू ठेवलं. घसारा घेतला असता तर मशीनसारखाच इमारतीच्या भागाचा नफाही अल्पमुदतीचा झाला असता.

विक्री ९६ लाख, त्यातून साडेसात वजा, नफा साडेअठ्ठ्याऐंशी लाख. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पापासून दर साडेबारा टक्के झाला आणि खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून धरायची सवलत गेली. त्याआधी घेतलेल्या जागेपुरती मात्र व्यक्तींना जुन्या पद्धतीने, निर्देशांक लावून वीस टक्के, अशी तुलना करायची मुभा ठेवली आहे. पुढच्या बाँडची सूट न धरता आमचा जुन्या पद्धतीने कर साडेतेरा लाखांच्या पुढे निघत होता, नव्याने ११ लाख ६ हजार. नवाच घेतला.

आता ५४ ईसीचे बाँड. जमीन किंवा इमारतीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातले जास्तीत जास्त ५० लाख, विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत, आरईसी, पीएफसी किंवा आयआरएफसीसारख्या सरकारी कंपन्यांच्या या बाँडमध्ये पाच वर्षांसाठी ठेवले तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. व्याज आम्ही घेतले तेव्हा सव्वापाच टक्के, वर्षातून एकदा, आणि ते करपात्र. मधे विकता येत नाहीत, तारण ठेवता येत नाहीत. सव्वापाच टक्के ऐकून मित्रांनी नाकं मुरडली. मीही मुरडलं. पण हिशेब असा झाला.

अधिभार न धरता, पन्नास लाखांवर वाचलेला कर सेससह साडेसहा लाख. बाँड घेतले नाहीत तर तो भरून हातात उरतात साडेत्रेचाळीस लाख. ते तेव्हाच्या ८.०५ टक्क्यांच्या रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग बाँडमध्ये टाकले तर वर्षाला साडेतीन लाख. ५४ ईसीमध्ये पन्नास लाखांवर मिळतात २ लाख ६२ हजार. वर्षाला साधारण ८८ हजारांचा तोटा, पाच वर्षांत ४ लाख ४० हजार. पण पाच वर्षांनी हातात पूर्ण पन्नास लाख येतात, साडेत्रेचाळीस नाही. म्हणजे दोन लाखांहून थोडं जास्त आमच्या बाजूने. फार नाही, पण आहे. आणि हा फायदा पाच वर्षं त्या पैशाला हात लावायची गरज नसलेल्यालाच. ज्याच्याकडे बाकी काहीच नाही, त्याने पूर्ण पन्नास लाख यात अडकवू नयेत.

गाळ्यावर उरलेला कर पाच लाख, दलाली एक लाख, म्हणून तिथून नव्वद लाख. छापखान्यातून कर, कामगारांचे पैसे आणि सीए-वकिलांची फी जाऊन सतरा. एकूण १ कोटी ७ लाख.

ही बातमी कराडमध्ये पसरायला अर्थातच वेळ लागला नाही. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक पतसंस्थेचे अध्यक्ष घरी चहाला आले. साडेदहा टक्के देतो म्हणाले, "तुम्ही घरचेच." वर्षानुवर्षं त्यांची पासबुकं आम्हीच छापली होती. मी विचारलं, बँकेच्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, तसं तुमच्याकडे? पतसंस्थेच्या ठेवींना ते नसतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. चहा झाला, ते गेले. बँकेतल्या एका तरुणाने तर खात्यात रक्कम दिसल्या दिसल्या 'खात्रीचं आजीवन उत्पन्न' देणाऱ्या विम्याची पत्रकं आणली. दहा वर्षं हप्ते भरायचे, मग पुढे वर्षाला ठरावीक रक्कम. वर्षनिहाय आकडे मुलाने कॉम्प्युटरवर टाकले, परतावा सहा टक्क्यांच्या आत निघाला. मासिक रक्कम छापताना त्यांनी मोठ्या टाइपात छापली होती. टाइप कशासाठी मोठा करतात, हे छापखान्यावाल्याला कळतं.

आम्ही केलेली वाटणी फार हुशारीची नाही. पन्नास लाख ५४ ईसी. तीस लाख माझ्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, ८.२ टक्क्यांनी, तिमाहीला ६१,५०० रुपये येतात आणि पाच वर्षं दर बदलत नाही. पंधरा लाख दोघांच्या संयुक्त पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५० रुपये. उरलेल्या बारांतले चार बँकेत, आजारपणासाठी आणि छतासाठी, आणि आठ लाख इंडेक्स फंडात. हिच्या नावे आणखी तीस लाखांचं ज्येष्ठ नागरिक खातं उघडता आलं असतं, पण तेवढा पैसाच उरला नव्हता, आणि मी दिलेल्या पैशाचं व्याज शेवटी माझ्याच उत्पन्नात धरलं गेलं असतं.

बेरीज वर्षाला ६ लाख १९ हजार ५००, महिन्याला ५१ हजारांच्या पुढे. पूर्वी नऊ लाख साठ हजार यायचे हे खरं, पण त्यात दोन माणसांचे दिवसभर जायचे. गाळ्याच्या विक्रीच्या वर्षी नफ्यामुळे एकूण उत्पन्न फुगलेलं, म्हणून व्याजावरही कर बसला. २०२५-२६ पासूनचे नियम असेच राहिले तर पुढच्या वर्षांत बारा लाखांच्या आतल्या या व्याजावर नव्या रचनेत काही भरावं लागणार नाही.

पैसे येण्याची वेळ हा एक प्रश्न आम्ही आधी धरला नव्हता. महिन्याला पोस्टाचे ९,२५०, तिमाहीला साडेएकसष्ट हजार, पण बाँडचे अडीच लाखांवर पैसे वर्षातून एकदाच. म्हणजे महिन्याच्या हिशेबाने जवळजवळ तीस हजारच नियमित येतात आणि घरखर्च आहे ३८ हजारांचा. त्यामुळे बाँडचं व्याज आलं की हिने ते वेगळ्या खात्यात टाकायचं आणि त्यातून महिन्याला दहा हजार घरखात्यात आपोआप वळवायचे, अशी सोय केली. उरतं ते आणि बाकीची शिल्लक, महिना साडेतेरा हजारांच्या आसपास, इंडेक्स फंडाच्या एसआयपीत जाते.

एसआयपी हौसेची नाही. या सगळ्या योजनांचं व्याज रुपयांत ठरलेलं, वाढणारं नाही. आमचा ३८ हजारांचा खर्च वर्षाला सहा टक्क्यांनी वाढला तर पाच वर्षांत तो ५१ हजारांच्या जवळ जातो. म्हणजे २०३० च्या सुमारास आमचं आजचं सगळं व्याज आजच्यासारख्याच जगण्यात संपेल आणि शिल्लक टाकायला काही उरणार नाही. त्याच वर्षी बाँडचे पन्नास लाख मोकळे होतील. सव्वापाचऐवजी ते सात टक्क्यांवर ठेवता आले तरी वर्षाला ८७ हजार वाढतात, आणि त्यावर आणखी काही वर्षं निघतील. ज्येष्ठ नागरिक योजनाही २०३० मध्येच संपते, तीन-तीन वर्षांनी वाढवता येते, पण तेव्हाच्या दराने. ८० लाखांचा निर्णय एकाच वर्षी, आणि व्याजदर तेव्हा खाली असले तर सगळ्याच रकमेवर खाली. सीए म्हणतो, त्यावेळी निम्मे रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवरून पंचवीस-तीस वर्षांच्या सरकारी रोख्यांत टाका, म्हणजे दर एकदाच ठरतो. हिला ते पटलेलं नाही. सत्तरीला आलेल्या माणसांनी तीस वर्षांचे रोखे कशाला घ्यायचे, असं तिचं म्हणणं. मी म्हणतो, वारसाला मिळतील. यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही, पण ठरवायला २०३० पर्यंत वेळ आहे.